मुलाखतीआधीच बावन्न रकाने

गेल्या पावसाळ्यात दीपनगरच्या कॉलनीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि वीजकेंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात एका कंत्राटदाराकडे चार वर्षांचं काम. कंत्राटाची मुदत संपत आली होती, म्हणून ती पुण्याकडे नोकरी शोधत होती. एका रिक्रूटरचा मेल आला होता. सोबत बावन्न रकान्यांचा गुगल फॉर्म आणि एक वर्डची फाइल. फाइलमध्ये गृहपाठ होता : तीनशे मीटर लांबीच्या कन्व्हेयरचं वर्षभराचं देखभाल वेळापत्रक तयार करा, सुट्या भागांची यादी आणि अंदाजे खर्च जोडा, अट्ठेचाळीस तासांत पाठवा. मुलाखतीबद्दल एकच ओळ होती, ‘शॉर्टलिस्ट झाल्यास कळवण्यात येईल.’ कंपनीचं नाव कुठेच नव्हतं.

“काका, भरून टाकू का? नाही भरलं तर चान्स जाईल ना?” तिने विचारलं.

मी भुसावळला परतण्याआधी पुण्यात अकरा वर्षं एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत काम केलं आहे. असे फॉर्म मी स्वतः शेकड्याने पाठवले आहेत, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे. तिला म्हटलं, सगळा भरू नकोस आणि फेकूनही देऊ नकोस. आज रात्री आपण याला उत्तर लिहू.

फॉर्म एवढा लांब का असतो

कंपनी एक जागा काढते आणि तिची माहिती एकाच वेळी चार-पाच कन्सल्टन्सींना देते. ज्याचा उमेदवार लागेल त्याला मोबदला, बहुतेक करारांत वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. बाकीच्यांना शून्य. त्यामुळे रिक्रूटरला घाई असते. त्याच्याकडे ‘ट्रॅकर’ नावाची एक एक्सेल शीट असते आणि ती भरून संध्याकाळपर्यंत कंपनीला पाठवायची असते. खरं तर त्या शीटमध्ये आठ-दहाच रकाने असतात : नाव, शिक्षण, एकूण अनुभव, या कामाचा अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, सध्याचं गाव, नोकरी बदलण्याचं कारण. उरलेले चाळीस रकाने ‘नंतर लागतीलच, आत्ताच घेऊन ठेवू’ या हिशोबाने टाकलेले असतात. आमच्या ऑफिसात तर रुजू होण्याच्या दिवशी लागणारा फॉर्मच कोणीतरी पहिल्या मेलला जोडला होता आणि पुढे वर्षानुवर्षं तोच जात राहिला. त्यात कोणाचा कट नव्हता, आळस होता.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रिक्रूटरला आज जे खरोखर हवं आहे तेवढं चटकन दिलंत तर बाकीच्या रकान्यांसाठी तो सहसा अडून बसत नाही. दुसरी, त्याचा मोबदला कंपनी देते, उमेदवार नाही. नोंदणी फी, फाइल चार्ज, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, यातलं एक जरी नाव निघालं तर तिथेच थांबायचं. पुढचं काहीही त्या माणसासाठी नाही.

आधी कंपनीचं नाव

आपण ज्यावर अडून बसावं असा प्रश्न हा एकच : कोणत्या कंपनीसाठी? कारण साधं आहे. सीव्ही ज्या कन्सल्टन्सीकडून कंपनीकडे पहिल्यांदा पोचतो, तिच्या नावावर तो उमेदवार लागतो, आणि ही नोंद करारानुसार सहा महिने, कधी वर्षभर टिकते. मग तोच सीव्ही दुसऱ्या कन्सल्टन्सीकडून किंवा थेट तुमच्याकडून आला की मोबदला कोणाचा यावर वाद होतो. काही कंपन्या वाद नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवतात. ‘प्रोफाइल चांगलं होतं, पण डबल आलं’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही. उमेदवाराला मात्र हे कोणी सांगत नाही.

‘नाव गोपनीय आहे’ असं उत्तर येऊ शकतं आणि कधी ते खरंही असतं. जुन्या माणसाच्या जागी नवा आणायचा असेल तर कंपनी जाहीर बोलत नाही. अशा वेळी निदान उद्योग कोणता आणि गाव कोणतं एवढं विचारावं, आणि एक अट लिहून घ्यावी : माझ्या लेखी होकाराशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवू नये. व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आलं तरी चालेल, पण आलं पाहिजे.

कन्सल्टन्सी खरी आहे का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचा एकवीस अक्षरांचा कंपनी क्रमांक असतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर तपासता येतो. क्रमांक साधारण असा दिसतो :

```
U78100MH2019PTC......
```

पहिलं U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. पुढचे पाच आकडे व्यवसायाचे. 78100 हा नोकरभरतीच्या एजन्सीचा. MH म्हणजे महाराष्ट्र, 2019 हे नोंदणीचं वर्ष, PTC म्हणजे खासगी, आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. सहीखाली ‘गेली वीस वर्षं सेवेत’ असं लिहिलंय आणि क्रमांकात गेल्या वर्षीची नोंद दिसते, असं असेल तर विचारायला हवं. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या बऱ्याच प्रामाणिक कन्सल्टन्सी एकट्या माणसाच्या किंवा भागीदारीच्या असतात. त्यांना हा क्रमांक नसतोच, म्हणून तो नाही याचा अर्थ लबाडी असा घेऊ नये. तिथे सरळ रस्ता बरा. कंपनीचं नाव कळलं की तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन लावायचा आणि एचआरला विचारायचं, ही एजन्सी तुमच्यासाठी माणसं पाहते का? मेलमध्ये दिलेला नंबर या कामाचा नाही. तो त्यांनीच दिलेला आहे.

आणखी एक. सरकारी वीज कंपनीत ‘आतून’ लावून देतो म्हणणाऱ्याचा फॉर्म आला तर तो वाचूही नये. ती भरती जाहिरात, ऑनलाइन अर्ज आणि परीक्षा याच वाटेने होते. तिथला अर्ज लांब असतो, जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं मागतो, आणि त्याला कारण आहे : आरक्षण, वयाची सवलत हे सगळं त्या माहितीवर ठरतं. टीसीएससारख्या मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांची नोंदणी स्वतःच्या पोर्टलवर करून घेतात, तीही लांबलचक असते. तो अर्ज कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर असतो आणि हजारो मुलांसाठी एकच असतो. आपण इथे बोलतोय ते अनोळखी माणसाने पाठवलेल्या गुगल फॉर्मबद्दल.

पेन्सिल घेऊन फॉर्म वाचणे

तिला फॉर्मची प्रिंट काढायला लावली आणि प्रत्येक रकान्यासमोर एक, दोन किंवा तीन लिहायला सांगितलं. एक म्हणजे आज देता येईल. दोन म्हणजे मुलाखत झाल्यावर. तीन म्हणजे हातात ऑफर लेटर पडल्यावर, किंवा कधीच नाही. अर्ध्या तासाने हिशोब लागला : सतरा, एकोणीस, सोळा.

पहिल्या गटात तेच ट्रॅकरचे रकाने आणि थोडं जास्त, म्हणजे कोणती यंत्रं हाताळली, शिफ्टमध्ये काम चालेल का, गाव सोडायची तयारी आहे का. सध्याच्या पगाराबद्दल लोक खूप डोकं लावतात. माझं मत असं, की आकडा सांगावा आणि खरा सांगावा, कारण आपल्याकडे त्याशिवाय ट्रॅकर पुढे सरकत नाही आणि फुगवलेला आकडा पुढे पगारपत्रकात उघडा पडतो. पण पगारपत्रक स्वतः आज देऊ नये. त्यावर कंत्राटदाराचं नाव, कर्मचारी क्रमांक, पीएफ क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक असं सगळं एकाच कागदावर असतं.

दुसऱ्या गटातला सर्वांत नाजूक रकाना होता ‘दोन संदर्भ : सध्याच्या वरिष्ठांची नावं व मोबाइल नंबर’. तिने पहिल्या झटक्यात आपल्या साइट इंजिनिअरचं नाव लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं, मुलाखत ठरायच्या आत कोणी त्यांना फोन केला तर? दीपनगरात एका गेटवर बोललेलं दुसऱ्या गेटवर पोचायला एक शिफ्टही लागत नाही. शिवाय तो नंबर तुझा नाही, त्यांचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय देणं बरं नाही. संदर्भ मुलाखतीच्या शेवटच्या फेरीनंतर द्यावेत, आणि सध्याच्या नोकरीतला संदर्भ ऑफर आल्यानंतरच.

पीएफचा बारा आकडी यूएएन हाही दोन किंवा तीनमध्ये. नव्या मालकाला तो लागतो, पण रुजू होताना. आधी देण्याने तुमचा फायदा काहीच नाही, आणि त्या आकड्याच्या मागे तुमच्या आजवरच्या सगळ्या नोकऱ्या उभ्या असतात.

तिसऱ्या गटात आधार, पॅन, बँक खातं, रद्द केलेला चेक, आईवडिलांचं उत्पन्न, लग्नाबद्दलचे प्रश्न. आधार-पॅन ऑफरनंतर द्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. तेव्हाही ओळख पटवण्यापुरतंच हवं असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्स द्यायचीच असेल तर त्यावर आडवं लिहावं : ‘फक्त अमुक कंपनीतील नोकरीच्या पडताळणीसाठी’, आणि तारीख. आपले वडील रेशनच्या झेरॉक्सवर असंच लिहायचे, ते बरोबरच होतं. ओटीपी, कोऱ्या कागदावरची सही आणि मूळ मार्कशीट ‘आमच्याकडे जमा ठेवा’ ही मागणी, या तिन्ही गोष्टी कुठल्याच टप्प्यावर नाहीत.

लाल चांदणी लावलेले, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही असे रकाने असतात. तिथे काही जण आधारचे बारा शून्य टाकतात किंवा भलताच नंबर देतात. ते करू नये. उद्या खरी मुलाखत झाली तर पहिल्या दिवशीचं खोटं म्हणून तेच समोर येतं. फॉर्म तसाच बंद करावा आणि पहिल्या गटातली माहिती मेलने पाठवावी. रिक्रूटरला ती ट्रॅकरमध्ये चिकटवायला दोन मिनिटं लागतात.

कायद्याचं बोलायचं तर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. संमती घेऊन माहिती घ्यायची तर ज्या कामासाठी घेतली त्याला लागेल तेवढीच, हे तत्त्व त्यात आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणून आज रिक्रूटरला कलमं ऐकवण्यात अर्थ नाही. नम्र मेल जास्त काम करतो.

गृहपाठ

फॉर्मपेक्षा गृहपाठाने मला जास्त विचारात पाडलं. चाचणी घेणं चूक नाही. तासाभराची ऑनलाइन परीक्षा, जी सगळ्यांना सारखी असते आणि मशीन तपासते, ती द्यावी. कोणी तुमची उत्तरं विकत नाही. प्रश्न येतो तो कामासारखं काम मागितलं की. तेव्हा मी तीन गोष्टी पाहतो : किती तास लागतील, कोणाची माहिती वापरावी लागेल, आणि तयार झालेलं जसंच्या तसं उद्या कुठे वापरता येईल का.

तीनशे मीटरच्या कन्व्हेयरचं वेळापत्रक म्हणजे काय, हे तिनेच मला समजावलं. रोज आयडलर, म्हणजे बेल्टखालचे रोलर, फिरतात का पाहायचे, स्क्रेपरची पाती पाहायची, पुल कॉर्ड ओढून बेल्ट थांबतो का तपासायचं. आठवड्याला गिअरबॉक्सचं तेल, बेअरिंगचं तापमान. महिन्याला पुलीवरचं रबराचं आवरण, बेल्टचे जोड, झिरो स्पीड स्विच. वर्षातून एकदा मोठं शटडाउन. प्रत्येकाला किती माणसं, किती तास, कोणते भाग शिल्लक ठेवायचे, कोणत्या दराने. “नीट करायचं तर तीन दिवस, काका,” ती म्हणाली. “आणि दर मला कुठून माहीत? आमच्या साइटच्या फाइलमध्ये आहेत, ते काढावे लागतील.”

तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळाली. काम तीन दिवसांचं. माहिती तिची नव्हे, जिथे ती काम करते त्यांची. खरेदीचे दर, लॉगबुक, ड्रॉइंग बाहेर देणं हा तिच्याच नोकरीचा भंग झाला असता, आणि जी कंपनी आज ते मागून घेते तिलाच उद्या वाटेल की ही आमचंही असंच देईल. आणि तयार झालेलं वेळापत्रक कोणताही कारखाना छापून भिंतीवर लावू शकला असता.

मग नाही म्हणायचं का? नाही. काम लहान करून परत द्यायचं. मोठ्या गृहपाठात खरं तर एकच गोष्ट तपासायची असते : या माणसाला विचार करता येतो का? ते दाखवायला एक पान आणि एक तास पुरतो. मी विचारलं, बेल्टवर तुला सर्वांत जास्त काय छळतं? म्हणाली, “बेल्ट एका बाजूला सरकतो, ते. स्वे.” म्हटलं, त्यावरच लिही. एखाद्याने फोन केला की बेल्ट सरकतोय, तर तू कशानंतर काय पाहशील, एवढंच.

तिने जे लिहिलं ते मला आजही आठवतं, कारण मला त्यातलं काहीच येत नव्हतं आणि तरी कळलं. आधी बघायचं, बेल्ट एकाच जागी सरकतो की बेल्टचा ठरावीक तुकडाच सगळीकडे सरकत जातो. एकाच जागी सरकत असेल तर दोष ढाच्यात किंवा रोलरमध्ये. तुकडा सरकत असेल तर बेल्टमध्ये, बहुधा जोड काटकोनात बसलेला नसतो. मग रिकामा चालवून पाहायचा. रिकामा सरळ चालतो आणि कोळसा पडल्यावर सरकतो, म्हणजे शूटमधून माल मध्यावर पडत नाही. ढाच्याचा दोष असेल तर सरकतो त्या जागेच्या थोडं मागे जाऊन अडकलेले रोलर आणि परतीच्या रोलरवर साचलेला चिखल शोधायचा, पावसाळ्यात हाच मुख्य चोर. रोलर हलवायचा झाला तर एक नियम : रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी टेकतो, त्या बाजूला तो सरकतो. एका वेळी एकच रोलर, थोडासाच, आणि बेल्टच्या दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पान संपलं. त्यात कोणत्याही साइटचा आकडा नव्हता, भागाचा दर नव्हता, आणि चार वर्षं बेल्टखाली वाकून पाहिलेली व्यक्तीच ते लिहू शकते हे उघड होतं.

पाठवताना वर्ड फाइल नको, पीडीएफ. प्रत्येक पानाखाली नाव, तारीख आणि ‘निवड प्रक्रियेसाठी तयार केलेले’ एवढी ओळ. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. कलम १७ प्रमाणे लिहिलेल्याचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा, आणि नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलं तर सहसा मालकाचा. तुम्ही अजून नोकर नाही, म्हणून हक्क तुमचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यामुळे गृहपाठाच्या शेवटी ‘सादर केलेल्या सर्व साहित्यावर कंपनीचा हक्क राहील’ अशी ओळ आणि सहीची जागा असेल तर ती ओळ खोडून मगच सही करावी. पण यावर फार विसंबू नये. कायदा शब्दांना आणि चित्राला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. तुमची पद्धत कोणी स्वतःच्या शब्दांत वापरली तर हात चोळत बसावं लागतं. खरं संरक्षण एकच : जे द्यायचं नाही ते पाठवलंच नाही.

उत्तराचा मेल

मेल इंग्रजीत जाणार होता, पण आधी मराठीत लिहिला. मराठीत लिहिलं की मिजास आणि लाचारी दोन्ही लगेच दिसतात. शेवटी तो असा झाला :

‘नमस्कार. कन्व्हेयर देखभालीच्या जागेसाठी माझा विचार केल्याबद्दल आभार. मला या कामात रस आहे. प्राथमिक छाननीसाठी लागणारी माहिती खाली दिली आहे : शिक्षण, अनुभव, सध्याचा व अपेक्षित पगार, नोटीस पिरियड ३० दिवस. ओळखपत्रं, पगारपत्रकं व संदर्भ ऑफरच्या टप्प्यावर लगेच देईन.

वर्षभराच्या वेळापत्रकाला दोन-तीन दिवस लागतील, आणि त्यात सध्याच्या साइटची माहिती वापरणं मला शक्य नाही. त्याऐवजी बेल्ट सरकण्याचा दोष मी कसा शोधते ते एका पानात जोडलं आहे. संबंधित विभागाशी वीस मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायला मिळालं तर सविस्तर सांगू शकेन. बुधवार किंवा शुक्रवार, संध्याकाळी सहानंतर मी मोकळी आहे.

कृपया कंपनीचं नाव कळवावं. माझ्या लेखी होकारानंतरच सीव्ही पुढे पाठवावा ही विनंती.’

यात ‘नाही’ हा शब्द एकदाच आला आहे, तोही लगेच पर्याय देऊन. प्रत्येक न दिलेल्या गोष्टीला ‘केव्हा देईन’ किंवा ‘त्याऐवजी हे घ्या’ असं उत्तर आहे. वार आणि वेळ आपणच सुचवायची, कारण रिक्रूटरला ती जशीच्या तशी पुढे ढकलता येते. व्हिडिओवरची पहिली भेट मागणं आपल्या भागातल्या मुलांना फार जरुरीचं आहे. भुसावळहून पुणे म्हणजे रेल्वेत एक रात्र, तिथला दिवस, परतीची दुसरी रात्र. कंत्राटी कामगाराची दोन दिवसांची मजुरी जाते. ‘येऊन भेटा, मग बघू’ यावर उठून गेलेली आणि रिसेप्शनवर तोच बावन्न रकान्यांचा फॉर्म पुन्हा भरून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

मेल गेल्यावर चार कामाचे दिवस थांबायचं, मग दोन ओळींची एक आठवण. त्यानंतर तो विषय वहीत बंद. वही हवीच : तारीख, रिक्रूटर, कंपनी, काय काय पाठवलं. तीन महिन्यांनी दुसऱ्याचा फोन आला की सीव्ही डबल होतोय का हे त्या वहीतूनच कळतं.

काही वेळा उत्तरात पुन्हा तोच फॉर्म येतो, ‘हा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’ ही ताठरता कंपनीची असू शकते. तेव्हा स्वतःची गरज पाहून ठरवावं. हातात नोकरी नसेल आणि कंपनीची खात्री फोनवर झाली असेल, तर दुसऱ्या गटातलं काही आधी द्यायला माझी हरकत नाही. तिसऱ्या गटातलं तेव्हाही नाही. आणि पहिला गृहपाठ दिल्यावर मुलाखतीऐवजी दुसरा गृहपाठ आला, तर त्यांना माणूस नको आहे, काम करून हवं आहे.

आधीच भरून बसलात तर

हे वाचताना कोणाच्या पोटात गोळा आला असेल. ‘पाठवा’ दाबून झालं असेल तर आज तीन-चार कामं करावीत. रिक्रूटरला मेल करून माहिती काढून टाकायला सांगावं, आणि मेल जपून ठेवावा. आधारचे बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या ॲपवरून लॉक करावेत. तिथेच आपलं आधार कधी कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहासही दिसतो. केंद्राच्या ‘संचार साथी’ साइटवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहावं. महिन्याभराने सिबिलचा अहवाल काढून न घेतलेलं कर्ज दिसतं का बघावं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पैसे गेले असतील तर यातलं काही करत बसू नका, आधी १९३० ला फोन करा. तो जितका लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

त्या मुलीला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीचं नाव होतं, आणि शुक्रवारी सव्वासहाची व्हिडिओ मुलाखत ठरली होती. मेंटेनन्सच्या साहेबांनी तिचं ते एक पान समोर ठेवून पाऊण तास प्रश्न विचारले. त्या जागेवर शेवटी दुसऱ्याला घेतलं, त्याचा नोटीस पिरियड पंधरा दिवसांचा होता. दोन महिन्यांनी तिथेच दुसरी जागा निघाली, तेव्हा त्यांनी थेट तिला फोन केला. तिने आधी वही उघडली, कन्सल्टन्सीचं नाव सांगितलं आणि सीव्ही त्यांच्यामार्फतच पाठवायला लावला.